जीएसटीची डिमांड हप्त्यांनी भरायची आहे, अर्जाचा मसुदा वाचून सांगा

कळवेकर_नळवाला | ९ फेब्रुवारी, रात्री १०.४०

नमस्कार मंडळी. कळव्यात माझं प्लंबिंग-हार्डवेअरचं दुकान आहे. २०२१-२२ सालच्या रिटर्नची तपासणी होऊन २२ डिसेंबर २०२५ ला ऑर्डर आली. त्या वर्षी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये भिवंडीच्या एका घाऊक व्यापाऱ्याकडून १२ लाखांचे पाइप आणि फिटिंग घेतले होते. बिलं आहेत, पैसे बँकेतूनच दिलेत, पण त्याने ना विक्री दाखवली, ना कर भरला. नंतर गाळा बंद करून निघून गेला. त्या खरेदीवर मी घेतलेलं कराचं क्रेडिट आता माझ्याकडून वसूल करायचं ठरलंय.

डिमांड अशी आहे: कर २,१६,०००, व्याज १,५८,७६०, दंड २१,६००. एकूण ३,९६,३६०. केंद्राचा आणि राज्याचा हिस्सा निम्मा-निम्मा.

एवढे पैसे एकदम देणं शक्य नाही. हप्ते मागता येतात असं कळलं, म्हणून अर्ज लिहिलाय. सीएकडे नेण्याआधी इथल्या जाणकारांनी एकदा नजर घालावी.

> महोदय, मी एक अत्यंत गरीब व प्रामाणिक व्यापारी असून कोरोनाच्या काळात माझ्या धंद्याचे अतोनात नुकसान झाले. आईचे आजारपण, मुलांची शिक्षणे यामुळे मी कर्जबाजारी झालो आहे. सदर रकमेत माझी काहीही चूक नाही. समोरच्या व्यापाऱ्याने कर भरला नाही याची शिक्षा मला मिळत आहे. तरी कृपाळू होऊन व्याज व दंड पूर्ण माफ करावा व उर्वरित रक्कम माझ्या सोयीनुसार हप्त्यांनी भरण्याची परवानगी द्यावी, ही नम्र विनंती.

तुर्भेकर | ९ फेब्रुवारी, रात्री ११.१५

दादा, एवढं काकुळतीला यायचं काही कारण नाही. २४ हप्ते हा कायद्याने दिलेला हक्क आहे. २४ मागा आणि मोकळे व्हा. नाहीतर अपील करा. कराच्या १० टक्के, म्हणजे २१,६०० भरले की बाकीची वसुली आपोआप थांबते. त्या सप्लायरकडून किंवा कुठल्याही सीएकडून सर्टिफिकेट आणलं की डिमांड शून्य. आमच्या मार्केटमध्ये दोघांचं असंच झालं. आणि अभय योजना पण आहे, व्याज-दंड माफ होतो.

हिशेबनीस_नौपाडा | १० फेब्रुवारी, सकाळी ८.०५

तुर्भेकर, तुमचं १० टक्क्यांचं बरोबर आहे. अपील दाखल करताना वादातल्या कराच्या १० टक्के भरले की उरलेल्याची वसुली थांबते. बाकीचं मात्र यांना लागू पडत नाही.

ते सर्टिफिकेट कोणासाठी आहे, तर ज्या सप्लायरने स्वतःच्या ३-बी या महिन्याच्या रिटर्नमध्ये कर भरलाय पण बिल दाखवायचं राहिलंय किंवा दुसऱ्याच जीएसटी नंबरवर दाखवलंय त्याच्यासाठी. कर भरल्याचाच तो दाखला असतो. इथे त्याने ३-बी भरलेलीच नाही, तेव्हा कोण कशाचा दाखला देणार? अभय योजनेचं म्हणाल तर कलम १२८ए मधली सवलत २०१७-१८ ते २०१९-२० या तीन वर्षांपुरती होती आणि त्यासाठी कर ३१ मार्च २०२५ पर्यंत भरायचा होता. यांचं वर्ष २०२१-२२.

२४ हप्ते हा हक्कही नाही. कलम ८० मध्ये 'जास्तीत जास्त २४' आहे आणि द्यायचे की नाही हे आयुक्तांच्या अधिकारात आहे. कारणं नोंदवून ते कमी देऊ शकतात, नाकारूही शकतात.

कळवेकर, पत्राकडे नंतर येतो, आधी तारीख बघा. ऑर्डर मिळाल्यापासून भरायला तीन महिने, म्हणजे २२ मार्च. अपिलाची मुदतही तीच. अपिलाला पुढे एक महिना उशीर माफ होऊ शकतो, भरण्याच्या मुदतीला तसं काही नाही. आणि हप्त्यांचा अर्ज नुसता टाकल्याने वसुली थांबते असं कुठेही लिहिलेलं नाही. तीन महिने उलटून वसुली सुरू झाली की नियम १५८ प्रमाणे हप्ते मिळतच नाहीत. तेव्हा अर्ज याच आठवड्यात जायला हवा, मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात नको.

मीनल_ऐरोली | १० फेब्रुवारी, सकाळी ९.३०

बरं झालं हा धागा निघाला. माझं ऐरोलीला छोटं केटरिंग आहे. ऑक्टोबर ते डिसेंबरच्या ३-बी राहिल्यात, कर साधारण ७० हजार होतो. कंपनीकडून बिलाचे पैसेच आले नाहीत. मला पण हेच हप्ते मागता येतील ना? अर्ज कुठे करायचा?

हिशेबनीस_नौपाडा | १० फेब्रुवारी, सकाळी १०.१०

नाही ताई, तुमचं प्रकरण वेगळं आहे. तुम्ही स्वतः रिटर्नमध्ये मोजून दाखवणार तो कर कलम ८० मधून सरळ वगळलेला आहे. अधिकाऱ्याने ठरवलेल्या डिमांडलाच हप्ते मिळतात. आणि जीएसटीआर-१ या विक्रीच्या रिटर्नमध्ये बिलं दाखवून ३-बी मध्ये कर भरला नसेल तर तोही स्वतः कबूल केलेलाच धरतात, वसुलीला नोटिसांची लांब साखळी लागत नाही.

पोर्टल अर्धा कर भरून ३-बी घेत नाही. म्हणून पैसे येतील तसे सर्वांत जुन्या महिन्यापासून एकेक पूर्ण भरत या. ऑक्टोबर निघाली तरी तिचं व्याज आणि लेट फी तिथेच थांबते.

मीनल_ऐरोली | १० फेब्रुवारी, सकाळी १०.२५

अरे देवा. म्हणजे ज्याच्यावर ऑर्डर निघते त्याला हप्ते आणि जो स्वतःहून सांगतो त्याला नाहीत? हे काही पटत नाही. पण ऑक्टोबर आधी भरते.

सेवानिवृत्त_मुंब्रा | १० फेब्रुवारी, दुपारी १.५०

विक्रीकर खात्यात निरीक्षक होतो. जीएसटी आल्यानंतरही काही वर्षं काम केलं. पत्राबद्दल बोलतो.

अर्जावर सही करणारे साहेब तुम्हाला ओळखत नाहीत. नियमातच आहे की अर्ज आला की ते तुमच्या कक्षाच्या अधिकाऱ्याकडून तुमच्या आर्थिक स्थितीचा अहवाल मागवतात. तेव्हा तुमचं पत्र खरं तर त्या अहवाल लिहिणाऱ्यासाठी आहे. त्याच्यासमोर दोन प्रश्न असतात. हा माणूस आज सगळे पैसे का देऊ शकत नाही? आणि दर महिन्याला देऊ शकेल याला आधार काय? तुमच्या मसुद्यात पहिल्याचं उत्तर नुसतं रडून दिलंय आणि दुसऱ्याचं उलटं दिलंय. 'कर्जबाजारी झालो आहे' हे वाचल्यावर तो काय लिहील? हप्ते बुडण्याची शक्यता. कनवाळू अधिकारीसुद्धा त्यावर अनुकूल शेरा मारू शकत नाही, कारण उद्या हप्ता बुडाला की त्यालाच विचारणार.

'माझी काही चूक नाही' हे अपिलाचं वाक्य आहे, तिथे शोभतं. व्याज-दंड माफीही इथे मागू नका. हप्ते देणाऱ्याला या कलमाखाली माफीचा अधिकार नाही. भलती मागणी घातली की फाईल 'स्पष्टीकरण घ्या' म्हणून परत फिरते आणि तुमचे पंधरा दिवस जातात.

तुमचे आकडे इथे टाका. महिन्याचा धंदा, खर्च, बँकेत काय आहे. लाजू नका.

कळवेकर_नळवाला | १० फेब्रुवारी, रात्री १०.२०

काका, डोळे उघडलेत. आकडे देतो.

महिन्याला सरासरी ७ लाखांची विक्री, त्यात १२ टक्क्यांच्या आसपास सुटतात, म्हणजे ८४ हजार. दुकानाचं भाडं १८ हजार, कामावरच्या दोन मुलांचे पगार २८ हजार, टेम्पो-वीज-किरकोळ ८ हजार. उरतात ३० हजार. बायको खासगी हॉस्पिटलमध्ये नर्स आहे, घर बऱ्यापैकी तिच्या पगारावर चालतं. जून ते ऑगस्ट बांधकामं मंदावतात, तेव्हा ३० चे २२-२३ हजार होतात. एक एफडी मोडली तर ९६ हजार लगेच भरता येतील. चालू रिटर्न सगळी वेळेवर आहेत.

एकच धाकधूक आहे. जानेवारीच्या स्टेटमेंटमध्ये ३ तारखेला एका कॉन्ट्रॅक्टरचे साडेचार लाख आलेले दिसतात. ६ तारखेला ते पाइपच्या डीलरला गेले. ते बघून म्हणतील, पैसे तर होते की!

सेवानिवृत्त_मुंब्रा | ११ फेब्रुवारी, सकाळी ७.३०

म्हणतीलच. म्हणून तुम्हीच आधी सांगायचं. कॉन्ट्रॅक्टरच्या बिलाची आणि डीलरच्या बिलाची प्रत लावा, एका ओळीत लिहा की ही खेळत्या भांडवलाची रक्कम आहे, मालाच्या देण्यात गेली. स्टेटमेंटमधली मोठी जमा रक्कम अधिकाऱ्याने स्वतः शोधून काढली तर ती लपवल्यासारखी दिसते. तीच तुम्ही दाखवली की प्रश्न मिटतो.

हिशेबनीस_नौपाडा | ११ फेब्रुवारी, सकाळी ९.००

आता हिशोब. ९६ हजार अर्जाआधीच भरा आणि ते सगळे कराच्या रकान्यात टाका. कर उरतो १,२०,०००, एकूण उरतात ३,००,३६०. दरमहा २० हजारांचे १५ हप्ते, शेवटच्यात ३६० जास्त. तुमचा मंदीतला महिना २२ हजारांचा आहे, तेव्हा २० च्या वर जाऊ नका. एक हप्ता जरी चुकला तरी उरलेली सगळी रक्कम त्याच क्षणी देय होते, वेगळी नोटीस येत नाही. मग बँकेला पत्र जातं आणि खातं अडकतं. २५ हजार कबूल करून जुलैत चुकण्यापेक्षा २० मागितलेले बरे. शक्य झाल्यास दोन हप्त्यांएवढी रक्कम पावसाळ्याआधी बाजूला काढून ठेवा.

व्याजाचं नीट समजून घ्या. हप्ते मिळाले तरी १८ टक्क्यांनी, म्हणजे महिन्याला दीड टक्का व्याज चालूच राहतं. पण ते न भरलेल्या करावर चालतं, जुन्या व्याजावर किंवा दंडावर नाही. म्हणून पहिले सहा हप्ते पूर्ण कराला लावले तर पहिल्या महिन्याला १,८००, मग १,५००, असं उतरत सहा महिन्यांत ६,३०० होतात आणि व्याज थांबतं. तेच हप्ते कर-व्याज-दंडात सारख्या प्रमाणात वाटले तर महिन्याला करात ८ हजारच जातात आणि पंधरा महिन्यांचं व्याज १४,४०० होतं. पत्रात स्पष्ट मागा, की हप्ते आधी करात जमा धरावेत. ऑर्डरच्या तारखेपासून आजपर्यंतचं व्याज याशिवाय आहे, तेही मोजून ठेवा.

भरताना `Services > Ledgers > Payment towards Demand` इथूनच भरा. डीआरसी-०३ या फॉर्मने भरू नका. तो पैसा सरकारकडे जातो पण तुमच्या डिमांडसमोर वजा दिसत नाही, मग तो जुळवायला डीआरसी-०३ए भरत बसावं लागतं.

घोडबंदर_पॅकिंगवाले | ११ फेब्रुवारी, दुपारी १२.४०

माझा अनुभव. आम्हाला गेल्या वर्षी १२ हप्ते मिळाले. आम्हीही 'आधी कर' असं लिहिलं होतं, पण ऑर्डरमध्ये सगळं सारख्या प्रमाणात वाटून आलं. विचारायला गेलो तर म्हणाले, असंच असतं. तेव्हा यावर फार भिस्त ठेवू नका. आमच्या ओळखीच्या एकाचा अर्ज मात्र सरळ फेटाळला गेला. बँकेला नोटीस गेल्यावर त्याने अर्ज केला होता.

हिशेबनीस_नौपाडा | ११ फेब्रुवारी, दुपारी १.०५

असं होतं खरं. कायद्यात हप्ता आधी कुठे लावायचा हे लिहिलेलं नाही, त्यामुळे अधिकाऱ्यावर आहे. माझ्या एका अशिलाला मागितल्याप्रमाणे मिळालं, दुसऱ्याला नाही. तरी मागावं. आणि म्हणूनच ९६ हजार हप्त्यांच्या ऑर्डरआधी कराच्या रकान्यात टाका म्हणतो, तेवढं तरी तुमच्या हातात आहे.

तुर्भेकर | ११ फेब्रुवारी, दुपारी २.३०

माझं एक म्हणणं तरीही आहे. माल खरा, बिल खरं, पैसे बँकेतून. अशा माणसाने लढायचंच नाही? हप्ते घेतले म्हणजे डिमांड कबूल केली असं उद्या म्हणतील.

हिशेबनीस_नौपाडा | ११ फेब्रुवारी, दुपारी ३.१५

प्रश्न रास्त आहे आणि यावर वकिलांचंही एकमत नाही. माझ्या मते हप्ते मागितल्याने अपिलाचा हक्क जात नाही, पण अपिलाची मुदत कोणासाठी थांबत नाही. कळवेकरांना मनात शंका असेल तर २२ मार्चच्या आत वकिलाला कागद दाखवावेत. दोन्ही बाजूंनी खर्च मोजूनच ठरवायचं.

कळवेकर_नळवाला | १३ फेब्रुवारी, रात्री ११.०५

घरी बोललो, सीएशीही बोललो. अपील नको असं ठरलं. तो माणूस सापडत नाही, त्याने कर भरल्याचा कागद मी आणणार कुठून? पुढची चार वर्षं डोक्यावर टांगती तलवार ठेवण्यापेक्षा भरून मोकळा होतो. ९६ हजार काल भरले. सर्वांच्या सूचनांवरून पत्र असं झालंय:

> प्रति,
> मा. आयुक्त, राज्यकर (सक्षम अधिकारी), ठाणे
> मार्फत : राज्यकर अधिकारी, संबंधित कक्ष
>
> विषय : कलम ८० व नियम १५८ अन्वये मागणीची उर्वरित रक्कम १५ मासिक हप्त्यांत भरण्याची परवानगी मिळणेबाबत.
> संदर्भ : दि. २२/१२/२०२५ चा आदेश, कालावधी २०२१-२२.
>
> महोदय,
>
> संदर्भीय आदेशान्वये कर, व्याज व दंड मिळून रु. ३,९६,३६० ची मागणी निश्चित झाली आहे. ही मागणी स्वयंनिर्धारित कराची नसून तपासणीअंती आदेशाने ठरलेली आहे. त्यापैकी रु. ९६,००० मी दि. १२/०२/२०२६ रोजी कराच्या रकमेपोटी भरले आहेत. उर्वरित रक्कम रु. ३,००,३६० आहे.
>
> माझ्या दुकानाची मासिक विक्री सरासरी रु. ७ लाख असून भाडे, पगार व इतर खर्च जाता सुमारे रु. ३०,००० शिल्लक राहतात. पावसाळ्यात ही शिल्लक रु. २२,००० पर्यंत येते. यामुळे उर्वरित रक्कम एकरकमी भरल्यास मालाची खरेदी थांबून व्यवसाय बंद पडेल, मात्र दरमहा रु. २०,००० नियमित भरणे मला शक्य आहे.
>
> बँक खात्यात दि. ०३/०१/२०२६ रोजी जमा दिसणारे रु. ४,५०,००० हे विकलेल्या मालाचे असून ते दि. ०६/०१/२०२६ रोजी पुरवठादारास दिले आहेत. दोन्ही बिलांच्या प्रती जोडल्या आहेत.
>
> तरी रु. २०,००० चे १४ हप्ते व रु. २०,३६० चा शेवटचा हप्ता अशी परवानगी मिळावी. हप्त्यांची रक्कम प्रथम करापोटी जमा धरावी, ही विनंती. कलम ५० प्रमाणे होणारे व्याज मी भरेन. एकही हप्ता चुकल्यास संपूर्ण उर्वरित रक्कम तात्काळ देय होईल याची मला जाणीव आहे. माझ्याविरुद्ध अन्य कोणतीही वसुली चालू नाही व चालू कालावधीची सर्व विवरणपत्रे दाखल आहेत.
>
> आपला विश्वासू

सोबत सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट, भाडेकरार, गेल्या वर्षाचा ताळेबंद आणि ९६ हजारांची पावती लावतोय.

सेवानिवृत्त_मुंब्रा | १४ फेब्रुवारी, सकाळी ७.१५

आता हे वाचून कोणालाही अहवाल लिहिता येईल, अर्धी वाक्यं तुमचीच उतरवता येतील. दोन गोष्टी. 'व्यवसाय बंद पडेल' ऐवजी 'खेळते भांडवल संपेल' लिहा, ते आकड्यांशी जुळतं. आणि संदर्भात डिमांड आयडी हवाच. तो नसेल तर रक्कम कुठल्या ऑर्डरची हे शोधण्यात वेळ जातो.

हिशेबनीस_नौपाडा | १४ फेब्रुवारी, सकाळी ९.२०

अर्ज पोर्टलवरच करायचा आहे, डीआरसी-२० या फॉर्ममध्ये. `Services > User Services > My Applications` मध्ये जाऊन हप्त्यांच्या अर्जाचा प्रकार निवडा, हे पत्र पीडीएफ करून जोडा. अर्जाचा नंबर, म्हणजे एआरएन, मिळाला की छापील प्रत आणि जोडपत्रं कक्षात नेऊन द्या, पोच घ्या. मंजुरी आली तर डीआरसी-२१ मध्ये येईल, त्यातल्या तारखा लगेच लिहून ठेवा.

कळवेकर_नळवाला | २४ फेब्रुवारी, संध्याकाळी ६.५०

१६ तारखेला अर्ज गेला, एआरएन आला. आज कक्षातून फोन होता. बाईसाहेबांनी ताळेबंदातली उधारीची यादी मागितली, कोणाकडून किती येणं आहे ती. जानेवारीच्या साडेचार लाखांबद्दल काहीच विचारलं नाही. यादीत दोन बिल्डरांची मिळून दीड लाखाची जुनी उधारी आहे, ती सुटेल असं वाटत नाही. ती दाखवायची का? दाखवली तर म्हणतील, ती वसूल करा आणि भरा.

सेवानिवृत्त_मुंब्रा | २४ फेब्रुवारी, रात्री ८.३०

दाखवा. ताळेबंदात आहे, म्हणजे त्यांच्याकडे आहेच. बिलाची तारीख आणि शेवटचे पैसे कधी आले ते समोर लिहा. तीन वर्षं जुनी उधारी ही येणी नाहीत, हे त्यांनाही कळतं. मागणीची पत्रं किंवा व्हॉट्सअ‍ॅपवरचे निरोप असतील तर त्यांची छापील प्रत जोडा.

मीनल_ऐरोली | २५ फेब्रुवारी, सकाळी ११.१०

ऑक्टोबरची ३-बी भरली. नोव्हेंबरचे पैसे जुळवतेय. कळवेकर दादा, तुमची मंजुरी आली की हप्ते कसे वाटलेत ते नक्की लिहा.